रोहिणीत लस, मृगात तयारी: मराठवाड्यात फ्लूची लस नेमकी कधी घ्यावी आणि तिचं बळ महिन्यागणिक कसं उतरतं

फ्लूच्या लशीबद्दल इंटरनेटवर शोधलं की पहिलं उत्तर येतं, ‘सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घ्या’. हे उत्तर अमेरिका-युरोपसाठी बरोबर आहे, कारण तिथे फ्लूची साथ डिसेंबर ते फेब्रुवारीत असते. आपल्याकडे ते तसंच्या तसं उचललं तर घोळ होतो. महाराष्ट्रात फ्लूचा मुख्य भर पावसाळ्यात, म्हणजे साधारण जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत असतो. दुसरा, बहुतेक वर्षी लहान असलेला भर जानेवारी ते मार्चमध्ये येतो. ‘बहुतेक वर्षी’ म्हणायचं कारण २०१५. त्या वर्षी जानेवारी ते मार्च याच काळात स्वाइन फ्लूने देशभर आणि आपल्या राज्यातही मोठा तडाखा दिला होता.

म्हणजे आपल्याकडे वर्षात दोन चढ आहेत, आणि एका सुईचं बळ दोन्ही चढांवर सारखं पुरत नाही. कोणता चढ धरायचा आणि त्याच्या किती आधी सुई घ्यायची, हे एकदा समजलं की तारीख स्वतःच काढता येते.

बळ उतरतं म्हणजे नेमकं काय होतं

सुई घेतल्या दिवशी काहीच संरक्षण नसतं. शरीराला अँटिबॉडी तयार करायला साधारण दोन आठवडे लागतात, वय झालेल्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना थोडे जास्त. दोन ते चार आठवड्यांच्या दरम्यान रक्तातल्या अँटिबॉडी सर्वांत वरच्या पातळीला पोचतात आणि तिथून हळूहळू खाली येऊ लागतात. सुईतून दिलेल्या लशीत विषाणू मेलेला असतो, किंवा त्याचे फक्त तुकडे असतात. शरीर त्याला ओळखतं, पण गोवर होऊन गेल्यावर जशी आयुष्यभराची आठवण राहते तशी इथे राहत नाही. शिवाय फ्लूचा विषाणू दरवर्षी थोडा थोडा बदलतो, त्यामुळे उरलेल्या अँटिबॉडीही त्याला पूर्ण जुळत नाहीत. ही दोन वेगळी कारणं आहेत, आणि दरवर्षी नवी सुई लागते ती या दोन्हींमुळे.

किती वेगाने उतरतं? अमेरिकेत अनेक हंगामांची माहिती एकत्र करून केलेल्या अभ्यासांत साधारण असं दिसलं की लशीची परिणामकारकता महिन्याला सुमारे ७ टक्के-अंकांनी घटते. स्वाइन फ्लूच्या प्रकारात हा आकडा ६ ते ११ असा आला. दवाखान्यात भरती झालेल्या ६५ वर्षांवरच्या रुग्णांत घट आणखी वेगाने, महिन्याला १० ते ११ अंकांची दिसली.

या आकड्यांकडे एक खोच लक्षात ठेवून बघायला हवं. साथ सुरू झाली की लस न घेतलेले लोक आधी आजारी पडतात आणि बरे होताना त्यांना नैसर्गिक प्रतिकारशक्ती मिळते. त्यामुळे हंगामाच्या शेवटी लस न घेतलेला गटही बऱ्यापैकी सुरक्षित झालेला असतो, आणि त्याच्याशी तुलना केली की लस वास्तवापेक्षा जास्त फिकी पडल्यासारखी दिसते. म्हणजे खरी घट या आकड्यांपेक्षा थोडी कमी असू शकते. पण घट होते, आणि म्हाताऱ्यांत जास्त होते, एवढं धरून चालायला हरकत नाही.

आता हिशेब करू. लस विषाणूशी चांगली जुळली त्या वर्षी परिणामकारकता साधारण ४० ते ६० टक्के असते. मधला ५० धरू. त्याचा अर्थ असा की लस न घेतलेल्या ठरावीक लोकांत फ्लूने दवाखाना गाठणारे १०० निघाले, तर तेवढ्याच लस घेतलेल्यांत ५० निघतील.

समजा सुई १ मार्चला घेतली. १५ मार्चला ५० टक्के. मग महिन्याला ७ वजा करत गेलो तर १५ जूनला, पाऊस नुकताच येत असताना, २९ उरतात. १५ ऑगस्टला १५, आणि १५ सप्टेंबरला ८. ज्या चढासाठी सुई घेतली, त्या चढावर हाती जवळजवळ काही नाही.

तीच सुई २८ मेला घेतली तर ११ जूनला ५०, ११ जुलैला ४३, ११ ऑगस्टला ३६, ११ सप्टेंबरला २९. मुख्य हंगामभर तीस-चाळीसच्या पुढेमागे संरक्षण. ११ जानेवारीपर्यंत मात्र हा हिशेब १ टक्क्यावर येतो. प्रत्यक्षात रेघ इतकी सरळ नसते आणि शेवटी थोडं शिल्लक राहतं, विशेषतः गंभीर आजारापासूनचं. तरी मेमधली सुई फेब्रुवारीत भक्कम पुरेल अशा भरवशावर राहू नका.

आणि १५ ऑक्टोबरला घेतली तर? महिनाअखेरीस ५०, जानेवारीअखेरीस २९, फेब्रुवारीअखेरीस २२. हिवाळ्यासाठी ठीक. पण मे संपताना १, म्हणजे पुढच्या पावसाळ्यासाठी शून्य धरा. ऑक्टोबरमध्ये घेतलेली सुई ‘वर्षभर चालते’ या समजुतीवर बसलेला माणूस पुढच्या ऑगस्टमध्ये उघडा असतो.

तारीख कशी धरायची

शेतकऱ्याच्या पंचांगात याचं सोपं उत्तर आहे. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या आसपास लागतं, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला. मराठवाड्यात मान्सून साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतो, मागेपुढे झाला तर काही दिवसांनी. लस रोहिणीत घेतली की मृग संपता संपता शरीर तयार असतं, आणि जुलै-ऑगस्टचा चढ येईपर्यंत फारसं बळ गेलेलं नसतं. म्हणून निरोगी माणसासाठी १५ मे ते १० जून ही खिडकी धरा. साठीच्या पुढच्यांसाठी ती आणखी अरुंद करून २५ मे ते १० जून ठेवा, कारण त्यांचं बळ वेगाने उतरतं आणि एप्रिलमध्ये घेतली तर ऑगस्टपर्यंत फार थोडं उरतं.

नक्षत्राने तारीख धरण्यात एक व्यावहारिक फायदाही आहे. ही नक्षत्रं सूर्याच्या गतीवर असल्याने इंग्रजी तारखांना जवळपास चिकटून राहतात. तिथी तशा राहत नाहीत. अनेक घरांत ‘वारीच्या आधी सुई घेऊ’ असं ठरतं. आषाढी एकादशी २०२५ मध्ये ६ जुलैला होती, तर २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे २५ जुलैला. एकोणीस दिवसांचा फरक! वारी पुढे सरकली म्हणून पाऊस आणि फ्लू थांबत नाहीत. पायी वारीला जाणाऱ्याने दोन अटी बघाव्यात: निघायच्या किमान दोन आठवडे आधी, आणि १० जूनच्या पुढे नाही. यातली जी तारीख आधी येईल ती धरायची. शेगावहून येऊन परभणी, परळी, अंबाजोगाई असा मराठवाडा ओलांडणाऱ्या पालखीत चालणाऱ्यांना तर जवळपास महिना-महिना गर्दीत, ओल्या कपड्यांत आणि एकाच राहुटीत झोपून काढायचा असतो. त्यांच्यासाठी वारीतल्या मुक्कामावर सुई शोधणं म्हणजे उशीरच.

खोक्यावर काय वाचायचं

फ्लूच्या लशीत कोणते विषाणू घालायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा सांगते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या हंगामासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धाच्या. आपण नकाशावर उत्तर गोलार्धात आहोत, पण आपला मुख्य हंगाम पावसाळ्यात असल्याने वेळ जुळते ती दक्षिण गोलार्धाच्या लशीची. सप्टेंबरमध्ये ठरलेली ही लस आपल्या बाजारात साधारण एप्रिल-मेमध्ये येते. फेब्रुवारीत ठरलेली उत्तर गोलार्धाची लस पावसाळ्याच्या शेवटी यायला लागते.

खोक्यावर ‘सदर्न हेमिस्फिअर २०२६’ किंवा ‘नॉर्दर्न हेमिस्फिअर २०२५-२६’ असं छापलेलं असतं, कधी नुसतं ‘एसएच’ किंवा ‘एनएच’ आणि वर्ष. मेमध्ये मेडिकलवाल्याच्या फ्रीजमध्ये बऱ्याचदा दोन्ही असतात: नवी दक्षिण गोलार्धाची, आणि गेल्या हिवाळ्यातली मुदत न संपलेली उत्तर गोलार्धाची. मुदत शिल्लक आहे म्हणून जुनी आधी खपवायचा कल असतो, त्यात दुकानदाराचंही नुकसान वाचतं. तुम्ही नवी मागा.

नवी मिळतच नसेल तर काय? मग विषाणूंची नावं ताडून पाहा. खोक्यावर ती लहान अक्षरांत छापलेली असतात आणि दिसतात तितकी अवघड नाहीत. ‘ए/क्रोएशिया/१०१३६आरव्ही/२०२३ (एच३एन२)’ म्हणजे ए प्रकारातल्या एच३एन२ या पोटप्रकाराचा विषाणू, क्रोएशियात सापडलेला, त्या प्रयोगशाळेचा १०१३६आरव्ही क्रमांकाचा नमुना, वर्ष २०२३. हे नाव दक्षिण गोलार्धाच्या २०२५ च्या, अंड्यात वाढवून बनवलेल्या लशीत होतं, आणि उत्तर गोलार्धाच्या २०२५-२६ च्या तशाच लशीतही होतं. त्या दोन्हींत एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लूचा, आणि बी प्रकारचा घटकही सारखाच होता. म्हणजे त्या जोडीत कोणतं खोकं आहे याने फरक पडत नव्हता, दोन्हीत एकच माल होता. दरवर्षी असं होत नाही, म्हणून नावं वाचायची. नव्या आणि जुन्या खोक्यांचे मोबाइलवर फोटो घेऊन डॉक्टरांना दाखवा, ते अर्ध्या मिनिटात सांगतील.

‘तीनची घेऊ की चारची’ हा प्रश्नही इथेच मिटवता येतो. चार घटकांच्या लशीत बी प्रकाराची ‘यामागाता’ ही शाखा जास्तीची असते. मार्च २०२० नंतर ही शाखा जगात नैसर्गिकरीत्या फिरताना खात्रीने सापडलेली नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ती वगळायला सांगितलं आहे. म्हणून तीन घटकांची लस मिळाली तर ती हलकी किंवा जुनी समजू नका. चौथ्या घटकासाठी जास्त पैसे मोजण्यात आज काही अर्थ नाही.

मराठवाड्यातली खरी अडचण: मे महिन्याचं ऊन

हिशेब सांगतो की सुई मेअखेरीस घ्या. आणि नेमक्या त्याच दिवसांत परभणी, नांदेड, बीडमध्ये पारा ४२-४३ अंशांवर असतो आणि वीज जाते. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकते. त्यामुळे तारीख अचूक पकडूनही सुईत दम नसलेलं पाणी मिळू शकतं, आणि ते कळायला मार्ग नसतो. या मुद्द्यावर लोक सर्वांत कमी लक्ष देतात, म्हणून जरा थांबून पाहू.

उष्णतेने लस हळूहळू निकामी होते. गोठल्याने एका झटक्यात होते. गोठण्याचा धोका लोकांच्या ध्यानात येत नाही, कारण ऊन दिसतं आणि लोक घाबरून लस बर्फात खुपसतात. डिस्ट्रिब्युटरकडून दुकानात आणताना थर्मासमध्ये बर्फाचे खडे आणि त्यांत थेट सिरिंज, हे दृश्य दुर्मिळ नाही. बर्फाला चिकटलेली सिरिंज गोठू शकते. योग्य पद्धत अशी की आइसपॅक फ्रीजरमधून काढून बाहेर ठेवायचा, हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज आला की मगच वापरायचा, आणि लशीचं खोकं त्याला थेट न टेकवता मध्ये जाड कागद किंवा पुठ्ठा ठेवायचा.

धनुर्वातासारख्या काही लशी गोठल्या का हे हलवून तपासायची एक चाचणी आरोग्यसेविकांना शिकवलेली असते. गोठून वितळलेल्या लशीत गाळ लवकर तळाला बसतो, त्यावरून ते ओळखतात. फ्लूच्या लशीला ही चाचणी लागू पडत नाही. ती चाचणी अॅल्युमिनियमचा क्षार असलेल्या लशींसाठी आहे आणि नेहमीच्या फ्लूच्या लशीत तो नसतो. गोठून वितळलेली फ्लूची लस नव्यासारखीच दिसू शकते. सरकारी लशींच्या कुपीवर उष्णतेने रंग बदलणारा चौकोन असतो, तसा खासगी फ्लूच्या प्रत्येक सिरिंजवर असेलच असं नाही. आणि तो असला तरी उष्णताच दाखवतो, गोठणं नाही.

म्हणून डोळ्यांवर नाही, साखळीवर विश्वास ठेवायचा. लस जिथे साठवली आहे तिथेच टोचून घ्या. मेडिकलमधून पिशवीत घेऊन दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे मोटरसायकलवर जाणं टाळा. दवाखान्यात फ्रीज उघडताना जमेल तर बघा: लस दारातल्या कप्प्यात असेल तर ती दर उघडझापीला तापते, फ्रीजरच्या खाली अगदी चिकटून असेल तर गोठू शकते. मधल्या कप्प्यात, थर्मामीटरसोबत असायला हवी. वीज गेल्यावर काय करता, असा प्रश्न सरळ विचारावा. ‘इन्व्हर्टरवर आहे’ किंवा ‘तापमानाची वही आहे’ हे उत्तर चांगलं. ‘अहो, फ्रीजमध्येच तर असते’ हे उत्तर चांगलं नाही. लशींचा भरपूर वापर असलेले बालरोगतज्ज्ञांचे दवाखाने या बाबतीत सहसा पक्के असतात, आणि तिथे मोठ्यांनाही टोचून देतात.

सकाळी दहाच्या आत जा. ते लशीपेक्षा तुमच्यासाठी आहे. उन्हातून तापून आलेल्या माणसाला सुईनंतर चक्कर आली की ती उन्हाची की सुईची हे सांगता येत नाही. टोचल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसा.

एक घर, चार माणसं, दोन फेऱ्या

समजा सेलू तालुक्यातलं एक घर आहे. आजोबा ७१ वर्षांचे, मधुमेह आणि जुना दमा. मुलगा ३४ वर्षांचा, निरोगी. सून गरोदर, सप्टेंबरच्या मध्याला बाळंतपणाची तारीख. नातू तीन वर्षांचा, फ्लूची लस कधीच न घेतलेला.

सर्वांत आधी नातवाचा हिशेब मांडायचा, कारण त्याला दोन डोस लागतात. सहा महिने ते आठ वर्षे पूर्ण वयातल्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा फ्लूची लस देताना किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस द्यावे लागतात. त्याच्या शरीराने हा विषाणू आधी ओळखलेला नसतो, पहिला डोस फक्त ओळख करून देतो. म्हणून पहिला डोस सोमवार ४ मेला, दुसरा २८ दिवसांनी सोमवार १ जूनला. १५ जूनला, अंगणवाडी-बालवाडी सुरू होण्याच्या सुमाराला, तो तयार. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे पहिल्या डोसनंतर ‘झालं एकदाचं’ म्हणून दुसरा विसरणं. पुढच्या वर्षापासून त्याला एकच डोस पुरेल.

दुसरी चूक कार्ड वाचण्यात होते. ‘याला तर इन्फ्लुएन्झा झालीय’ असं म्हणत आई-वडील लसीकरण कार्ड दाखवतात, आणि तिथे असते पेंटाव्हॅलंटमधली ‘हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी’. नावात इन्फ्लुएन्झा आहे, पण तो फ्लूचा विषाणू नव्हे, एक जिवाणू आहे. त्या लशीचा फ्लूशी काही संबंध नाही.

आजोबांना ४ मेला न्यायचं नाही. नातवासोबत एकाच फेरीत उरकायचा मोह होतो, पण १ जूनच्या फेरीत न्या. वेगाने उतरण्याचा हिशेब त्यांना लागू करून बघा: सुरुवात ४५ टक्क्यांनी धरली आणि महिन्याला १० गेले, तर ४ मेच्या सुईचे १८ ऑगस्टला १५ उरतात, १ जूनच्या सुईचे त्याच दिवशी सुमारे २४. एका फेरीत एवढा फरक. फेरी तर नातवासाठी होणारच आहे. न्यूमोनियाची लस राहिली असेल तर तीही त्याच दिवशी दुसऱ्या दंडात देता येते. शुगर जास्त आहे म्हणून लस पुढे ढकलायची गरज नाही. ताप आणि अंथरूण धरण्याइतका आजार असेल तर मात्र बरं होईपर्यंत थांबा.

सुनेला १ जूनला साधारण पंचविसावा आठवडा असेल. गरोदरपणात सुईतून दिली जाणारी मेलेली लस कोणत्याही महिन्यात चालते. नाकात फवारायची जिवंत लस गरोदर बाईला देत नाहीत, म्हणून ‘सुईचीच’ असं स्पष्ट सांगा. लस उशिरा, म्हणजे जुलैअखेरीस दिली तर बाळाच्या वाट्याला जास्त ताज्या अँटिबॉडी जातील, असा विचार कोणी करू शकेल. तो चुकीचा नाही, पण त्या नादात आई स्वतः जुलैभर उघडी राहते, आणि गरोदर बाईला फ्लू जड जातो. म्हणून १ जूनच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला लस देताच येत नाही, त्याला मिळतं ते आईकडूनच, आणि तेही पहिल्या दोन महिन्यांत सर्वांत जास्त, नंतर झपाट्याने कमी. सप्टेंबरमध्ये जन्मलेलं बाळ हंगाम सरता सरता येतं, ही जमेची बाजू. जानेवारीत ते चार महिन्यांचं असेल, तेव्हा घरातल्या खोकणाऱ्या माणसाने त्याला घेऊ नये, एवढंच हाती आहे.

मुलगा उरला. त्याने १ जूनला घ्यावी. पैशाची ओढ असेल तर चौघांत शेवटचा क्रमांक त्याचा. गरोदर महिला आणि जोखमीच्या आजाराच्या रुग्णांना सरकारी रुग्णालयात लस मोफत मिळण्याची सोय राज्यात २०१५ नंतर झाली. साठा नेहमी असतोच असं नाही, म्हणून मेच्या मध्यालाच उपजिल्हा रुग्णालयात एकदा विचारून ठेवा, १ जूनला सकाळी नव्हे.

मात्रा मोठ्यांना अर्धा मिलिलिटर, दंडाच्या स्नायूत. लहानग्यांना काही ब्रँडमध्ये पाव मिलिलिटर, काहींत अर्धा; खोक्यातल्या कागदावर असतं. सिरिंज टोचण्याआधी हलवायची असते. दंड दुखणं, अंग मोडून येणं, बारीक ताप हे एक-दोन दिवसांत जातं.

खिडकी हुकली तर

जूनअखेर, जुलै, ऑगस्ट: सापडल्या दिवशी घ्या. १ ऑगस्टच्या सुईने १५ ऑगस्टला ५० आणि १५ सप्टेंबरला ४३ मिळतात. साथ सुरू झाल्यावर घेऊन काय उपयोग, हा प्रश्न फक्त पहिल्या दोन आठवड्यांपुरता खरा आहे. त्या दोन आठवड्यांत ताप आला तर ‘लशीने फ्लू झाला’ असं गावभर होतं. मेलेल्या विषाणूने फ्लू होत नाही. जिवंत विषाणू लस काम करू लागण्याआधीच शरीरात शिरलेला असतो, किंवा तो ताप दुसराच कुठला तरी व्हायरल असतो.

सप्टेंबर हा संभ्रमाचा महिना. पहिल्या पंधरवड्यात, गावात रुग्ण दिसत असतील आणि माणूस जोखमीचा असेल तर घ्या. नंतर मात्र जानेवारी-मार्चचा विचार करून ऑक्टोबरपर्यंत थांबणं आणि नवी उत्तर गोलार्धाची लस घेणं जास्त फायद्याचं. बीड, धाराशिवकडून ऊसतोडीला दसरा-दिवाळीनंतर निघणाऱ्या कुटुंबांचाही इथे वेगळा विचार हवा. पावसाळ्यात ती गावी असतात, म्हणून रोहिणीतली सुई त्यांना लागू आहेच. पण ती कोणी घेतली नसेल आणि टोळीत गरोदर बाई किंवा दम्याचा माणूस असेल, तर गाव सोडण्याच्या दोन आठवडे आधी ऑक्टोबरमध्ये घ्यावी. फडावर खोपीत गेल्यावर जानेवारीत दवाखाना शोधणं अवघड असतं.

ऑक्टोबरमध्ये घेतलेल्याने पुढच्या मेमध्ये काय करायचं? ‘वर्षातून एकदा’ याचा अर्थ ३६५ दिवस मोजा असा नाही. लस हंगामाची असते. सात महिन्यांनी, मेअखेरीस, नवी दक्षिण गोलार्धाची लस घेऊन गाडी रुळावर आणता येते. ऑक्टोबर ते ऑक्टोबर हेच चक्र चालू ठेवलं तर मात्र प्रत्येक पावसाळा कोरडाच जाईल.

मे आणि ऑक्टोबर अशा दरवर्षी दोन सुया घ्याव्यात का, असंही बळ उतरण्याचा हिशेब कळल्यावर कोणी विचारतं. सर्वसाधारण माणसासाठी तशी शिफारस नाही. अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेले, त्यांनी आपल्या तज्ज्ञाशी बोलून ठरवावं. आधीच्या फ्लूच्या लशीनंतर घसा आवळणं, श्वास अडकणं अशी तीव्र अॅलर्जी आली असेल तर पुन्हा घेऊ नये. लशीनंतर सहा आठवड्यांत गियाँ-बारे नावाचा, हातापायांतली ताकद घालवणारा नसांचा आजार झाला असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं. अंड्याची अॅलर्जी मात्र आता अडचण मानली जात नाही.

टोचून झाल्यावर सिरिंजच्या खोक्यावरची चिकटपट्टी कार्डावर लावून घ्या. ती नसेल तर चार गोष्टी लिहून घ्या: तारीख, ब्रँड, बॅच क्रमांक, आणि एसएच की एनएच व वर्ष. पुढच्या मेमध्ये दुकानदार ‘हीच आहे, घ्या’ म्हणाला की कार्डावरचं वर्ष आणि त्याच्या हातातल्या खोक्यावरचं वर्ष शेजारी धरून बघता येतं.